दातांच्या दवाखान्याची नंबर-नोंदणी: वेब अ‍ॅप की इन्स्टॉल करायचं अ‍ॅप? प्रकल्प नोंदी

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

काम उदगीरच्या एका दातांच्या दवाखान्याचं आहे. दोन खुर्च्या, सकाळी दहा ते दोन आणि संध्याकाळी पाच ते आठ अशी वेळ, एका पेशंटला वीस मिनिटं. देवणी, जळकोटपासून पलीकडच्या औराद-बीदरपर्यंतचे पेशंट येतात. आज नंबर फोनवर लागतो आणि काउंटरवरच्या ताई तो वहीत लिहितात. आपल्याला पेशंटसाठी तीन गोष्टी करून द्यायच्या आहेत: मोकळी वेळ दिसणं, नंबर लावता येणं आणि आदल्या दिवशी आठवण जाणं. ताईंना आजची यादी समोर दिसली पाहिजे आणि फोनवरून आलेला नंबर त्याच यादीत टाकता आला पाहिजे.

डॉक्टरांचं पहिलं वाक्य होतं, "प्ले स्टोअरला नाव टाकून शोधलं की आपला दवाखाना दिसला पाहिजे बघा." ताईंचं म्हणणं वेगळं होतं: "साहेब, नंबर लावतंय पोरगं पुण्यात बसून, अन् येतेय आई देवणीहून. अ‍ॅप कुणाच्या फोनात टाकायचं?"

ताईंचा हा प्रश्न निर्णयाच्या मुळाशी जातो, म्हणून तो पहिल्याच दिवशी लिहून ठेवतो. वेग, दिसणं, खर्च यांची तुलना पुढे येईलच. पण नंबर लावणारा फोन आणि दवाखान्यात येणारा माणूस वेगळे असतील, तर आठवणीची सोय फोनला बांधायची की मोबाइल नंबरला, हे आधी ठरवावं लागेल.

दुसरी गोष्ट वापराच्या वारंवारतेची. रूट कॅनॉलचा पेशंट महिन्याभरात तीन-चार वेळा येतो आणि मग वर्षभर फिरकत नाही. इतका क्वचित लागणारा अ‍ॅप फोनमध्ये टिकला, तरी अँड्रॉइड १२ पासून त्याला झोपवलं जातं. काही महिने अ‍ॅप उघडलाच नाही तर सिस्टिम त्याच्या परवानग्या काढून घेते, पार्श्वभूमीतलं काम थांबवते आणि त्याला येणारे पुश संदेशही, अगदी तातडीचे म्हणून पाठवलेले, पोचवत नाही. पेशंटने तो पुन्हा उघडेपर्यंत हीच स्थिती राहते. सहा महिन्यांनी तपासणीला बोलावण्याची आठवण अ‍ॅपच्या पुशवर ठेवली, तर ती नेमकी या झोपेत अडकेल.

बुधवार, ५ नोव्हेंबर

इन्स्टॉल करायच्या अ‍ॅपची वाट आज कागदावर मांडली. लिहिण्याचा खर्च बाजूला ठेवला, फक्त प्रकाशित करून चालू ठेवायला काय लागतं ते पाहिलं.

प्ले कन्सोलचं खातं उघडायला एकदाच २५ डॉलर लागतात. खातं दवाखान्याच्या नावाने हवं. ते करणाऱ्याच्या नावाने उघडलं, तर उद्या काम दुसऱ्याकडे गेल्यावर अ‍ॅप हस्तांतरित करत बसावं लागतं. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना थेट प्रकाशन मिळत नाही. आधी बंद चाचणी घ्यावी लागते, तिच्यात किमान १२ जण सलग १४ दिवस सहभागी राहिलेले असावे लागतात, आणि त्यानंतर परवानगीचा अर्ज करायचा. यात "सलग" हा शब्द महत्त्वाचा आहे. मधेच कुणी चाचणीतून बाहेर पडला आणि संख्या १२ च्या खाली आली की मोजणी बिघडते. म्हणून बारा नव्हे, पंधरा-सोळा माणसं धरावीत. शिवाय प्रत्येकाचं प्ले स्टोअरचं गूगल खातं तेच आहे ना, जे चाचणीच्या यादीत दिलंय, हे आधी बघून घ्यावं. एका फोनवर घरातल्या तिघांची खाती असतात आणि दुवा भलत्याच खात्यात उघडतो.

हे एकदाचं काम झालं. दरवर्षी येणारं काम निराळं आहे. ३१ ऑगस्ट २०२५ पासून नवीन अ‍ॅप आणि प्रत्येक अपडेट अँड्रॉइड १५ ला, म्हणजे एपीआय पातळी ३५ ला लक्ष्य केलेलं असावं लागतं, आणि ही पातळी वर्षागणिक वर सरकते. दवाखान्याच्या गरजेत काडीचाही बदल नसला तरी अ‍ॅप वर्षातून एकदा उघडून, नव्या पातळीवर बांधून, तपासून पुन्हा चढवावंच लागतं. दोन-तीन वर्षं हात लावला नाही तर नवे फोन घेतलेल्या लोकांना ते स्टोअरमध्ये दिसेनासं होतं. आयफोनवाल्यांसाठी वेगळं अ‍ॅप आणि त्याचे दरसाल ९९ डॉलर.

एका दवाखान्याच्या नंबरासाठी हे ओझं जड आहे. तरीही नुसत्या खर्चावर निर्णय घ्यायचा नाही. अ‍ॅपमधून अशी एखादी गोष्ट मिळत असेल जी वेबवर मिळतच नाही, आणि पेशंटला ती खरोखर लागते, तर हे ओझं उचलायला हवं. अशी एकच गोष्ट डोळ्यांसमोर आहे: नेटवर्क नसतानाही फोनने स्वतः वाजवलेली आठवण. तिचा निकाल लागेपर्यंत पारडं कुठेच झुकवत नाही.

शनिवार, ८ नोव्हेंबर

वेबचा सांगाडा उभा केला. मॅनिफेस्ट एवढाच:

```json
{
  "id": "/",
  "name": "दवाखाना नंबर",
  "short_name": "नंबर",
  "lang": "mr",
  "start_url": "/",
  "scope": "/",
  "display": "standalone",
  "icons": [
    {"src": "/i192.png", "sizes": "192x192", "type": "image/png"},
    {"src": "/i512.png", "sizes": "512x512", "type": "image/png"}
  ]
}
```

`short_name` लहान ठेवायचं, कारण आयकॉनखाली मराठी नाव लवकर कापलं जातं आणि "दवाखा…" असं काहीतरी उरतं.

अँड्रॉइडवर क्रोम यापासून खरंखुरं छोटं पॅकेज तयार करून बसवतो, म्हणून ते इतर अ‍ॅपांच्या यादीतही दिसतं. आयफोनवर मात्र शेअरच्या बटणातून "होम स्क्रीनवर जोडा" असं पेशंटने स्वतः करावं लागतं. पानावरून त्याला ते सुचवता येतं, त्याच्या वतीने करता येत नाही.

इन्स्टॉल करण्याची विनंती पहिल्या भेटीत दाखवायची नाही असं ठरलं. पेशंट काउंटरवरचा क्यूआर कोड स्कॅन करतो तो नंबर लावायला. मधेच आडवी पाटी आली की तो ती बंद करतो, कधीकधी पानासकट. `beforeinstallprompt` ही घटना अडवून ठेवायची आणि नंबर पक्का झाल्याच्या पानावर खाली एक साधं बटण द्यायचं. दुसऱ्या भेटीला येणाऱ्याला त्याचा उपयोग आहे. बाकीच्यांचं काम दुव्यावर भागतं.

बुधवार, १२ नोव्हेंबर

आजची नोंद लांब आहे, कारण नंबर-नोंदणीचं वेब अ‍ॅप फसतं ते बहुतेक वेळा याच ठिकाणी.

पीडब्ल्यूए, म्हणजे इन्स्टॉल करता येणारं वेब अ‍ॅप, याबद्दल वाचलं की "ऑफलाइन चालतं" हे सगळ्यात आधी कानावर येतं. त्यामुळे सर्व्हिस वर्कर, म्हणजे पान आणि नेटवर्क यांच्यामध्ये बसणारा कोड, लिहिताना सगळंच साठवून ठेवण्याकडे हात जातो. बातम्यांच्या पानाला ते चालतं, मोकळ्या वेळांच्या यादीला चालत नाही. एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊन पाहू. काल रात्री पेशंटने पान उघडलं तेव्हा उद्याची ११:२० ची वेळ मोकळी होती. तो ठरवतो, सकाळी बघू. सकाळी एसटीत बसल्यावर रेंज येते-जाते. पान उघडतं आणि साठवलेल्या यादीतून ११:२० पुन्हा मोकळी दिसते. दरम्यान ताईंनी ती वेळ फोनवर दुसऱ्याला दिलेली आहे. पेशंटने तिच्यावर बोट ठेवलं, आणि "ऑफलाइन असाल तर नंतर पाठवू" अशी सोयही आपण करून ठेवली असेल, तर त्याच्या मनात नंबर लागलेला असतो आणि दवाखान्याच्या वहीत तो नसतोच. तो पन्नास रुपये भाडं घालून येतो आणि भांडण काउंटरवर होतं.

म्हणून नियम केला. पानाचा सांगाडा, अक्षरं, चित्रं साठवायची. पेशंटच्या फोनवर वेळा आणि नंबर कधीही साठवायचे नाहीत.

```js
self.addEventListener('fetch', (e) => {
  const url = new URL(e.request.url);
  if (url.pathname.startsWith('/api/')) return;
  e.respondWith(
    caches.match(e.request)
      .then((r) => r || fetch(e.request))
  );
});
```

`return` म्हटलं की विनंती नेहमीच्या वाटेने नेटवर्ककडे जाते. पण त्या वाटेवर ब्राउझरची स्वतःची कॅश असतेच, म्हणून सर्व्हरने `/api/` च्या प्रत्येक उत्तराबरोबर `Cache-Control: no-store` पाठवलं पाहिजे. यातलं एकच केलं तर जुनी यादी कधीतरी डोकावणारच. नेटवर्क नसेल तेव्हा पानावर रिकामं वर्तुळ फिरवत ठेवायचं नाही, "आत्ता नेट नाही. मोकळ्या वेळा नेट आल्यावर दिसतील. घाई असेल तर फोन करा" असं लिहायचं आणि फोनचं बटण द्यायचं. साध्या कॉलला इंटरनेट लागत नाही. इथला पेशंट तो मार्ग आधीपासून वापरतो.

नेट आल्यावर विनंती आपोआप पाठवणारं बॅकग्राउंड सिंक क्रोममध्ये आहे, सफारीत नाही. पण नंबर लावण्यासाठी ते क्रोममध्येही वापरायचं नाही. तासाभराने गेलेली विनंती ११:२० ची वेळ मिळवू शकली नाही, तर तोवर पेशंट घरातून निघालेला असतो.

दुसरी अडचण कच्च्या नेटवर्कची. पेशंटने "नंबर लावा" दाबलं, विनंती सर्व्हरला पोचली, नंबर लागला, पण उत्तर परत येताना रेंज गेली. पेशंटला काहीच दिसलं नाही, म्हणून त्याने पुन्हा दाबलं. आता त्याचा स्वतःचाच पहिला नंबर आडवा येतो आणि त्याला "ही वेळ गेली" असं उत्तर मिळतं. बिचारा दुसरी वेळ घेतो आणि एका माणसाच्या दोन वेळा अडून बसतात. पडताळताना हे ओळखता येतं: एकाच मोबाइल नंबरवर मिनिटाभराच्या अंतराने दोन लागोपाठच्या वेळा दिसल्या की समजावं, हेच झालंय.

उपाय असा. पक्कं करण्याचं पान उघडतानाच फोनवर `crypto.randomUUID()` ने एक किल्ली तयार करायची आणि प्रत्येक प्रयत्नाला तीच पाठवायची. बटण दाबताना नवी बनवली तर काही उपयोग नाही. सर्व्हरवर पोस्टग्रेसमध्ये दोन निर्बंध:

```sql
CREATE UNIQUE INDEX one_per_slot
  ON booking (chair_id, starts_at)
  WHERE status = 'active';

CREATE UNIQUE INDEX one_per_request
  ON booking (request_key);
```

पहिल्यातलं `WHERE` विसरलं तर रद्द झालेली वेळ पुन्हा कुणालाच देता येत नाही. आणि पुन्हा आलेल्या विनंतीत दोन्ही निर्बंध एकदम मोडतात, त्यामुळे चूक कोणत्या निर्बंधाच्या नावाने येईल यावर भिस्त ठेवू नये. आधी `request_key` ने नंबर शोधायचा. सापडला तर तोच नंबर "लागला" म्हणून परत द्यायचा. नसेल तर घालून बघायचा. `23505` ही चूक आली तर किल्ली पुन्हा एकदा शोधायची, कारण दोन विनंत्या अगदी एका क्षणी आलेल्या असू शकतात. तरीही सापडली नाही, तरच `409` द्यायचा आणि त्याच उत्तरात जवळच्या तीन मोकळ्या वेळा पाठवायच्या, म्हणजे पेशंटला पुन्हा यादी मागवावी लागत नाही.

हे सगळं अ‍ॅप केलं असतं तरी जसंच्या तसं लागलंच असतं. या मुद्द्यावर दोन्ही वाटा सारख्याच आहेत.

शनिवार, १५ नोव्हेंबर

नवी आवृत्ती पोचण्याची चाचणी. `sw.js` मध्ये एका अक्षराचाही फरक पडला की ब्राउझर नवा सर्व्हिस वर्कर उतरवतो, पण जुना वर्कर वापरणारी सगळी पानं बंद होईपर्यंत नव्याला थांबवून ठेवतो. काउंटरवरच्या टॅब्लेटवर हे पान कधीच बंद होत नाही, त्यामुळे तिथे जुनी आवृत्ती आठवडेच्या आठवडे चालू राहू शकते. `install` मध्ये `skipWaiting()` आणि `activate` मध्ये `clients.claim()` घातलं, आणि ताबा बदलला की काउंटरच्या पानावर वर एक पट्टी येते: "नवीन आवृत्ती आली आहे. पान ताजं करा." आपोआप ताजं करायचं नाही, ताई अर्धवट नाव टाइप करत असतात.

बुधवार, १९ नोव्हेंबर

आठवणीचा निकाल आज लावायचा. तीन मार्ग तपासले: वेब पुश, अ‍ॅपने फोनमध्येच लावलेला गजर आणि एसएमएस.

वेब पुश. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये इन्स्टॉल न करताही चालतं. आयफोनवर आयओएस १६.४ पासून चालतं, पण पान होम स्क्रीनवर जोडलेलं असेल तरच. म्हणजे आयफोनवाल्याला आधी शेअर, मग जोडणं, मग त्या आयकॉनवरून उघडून परवानगी देणं, अशी साखळी पार करावी लागते. परवानगी एकदा "नको" म्हटली की पानाला पुन्हा विचारता येत नाही, ती सेटिंगमध्ये जाऊनच बदलते. पाठवताना `TTL` म्हणजे संदेश किती सेकंद धरून ठेवायचा हे द्यावं लागतं. तो शून्य ठेवला आणि फोन त्या क्षणी बंद असला, तर संदेश गेलाच. आदल्या संध्याकाळच्या आठवणीला `TTL: 43200`, म्हणजे बारा तास ठेवले, आणि फोन झोपेत असताना अडकू नये म्हणून `Urgency: high`. पुश सेवेने `410` किंवा `404` दिला की ती नोंद पुसायची, कारण पेशंटने परवानगी काढलेली असते किंवा ब्राउझरचा डेटा साफ केलेला असतो.

सर्व्हिस वर्करमध्येच `setTimeout` लावून उद्याची आठवण वाजवावी, ही कल्पना कुणाच्याही मनात येते. ती चालत नाही. काम नसलं की ब्राउझर वर्करला थोड्याच वेळात बंद करतो आणि त्याच्याबरोबर टायमरही जातो. फोनमध्येच वेळेचा गजर लावण्याची सोय आज वेबवर नाही. अ‍ॅपची खरी सरशी ती इथेच.

अ‍ॅपचा गजर. `AlarmManager` ने लावलेला गजर नेटशिवाय वाजतो. त्यासाठी अँड्रॉइड १३ पासून सूचनांची परवानगी वेगळी मागावी लागते. मिनिटाला मिनिट जुळणारा गजर हवा असेल तर अँड्रॉइड १४ वर नव्या अ‍ॅपांना ती मुभा मुळात बंद असते. आपल्याला संध्याकाळी सात ऐवजी सव्वासातला वाजला तरी चालेल, म्हणून साधा गजर पुरे. फोन बंद करून चालू केला की लावलेले गजर पुसले जातात, ते अ‍ॅपने पुन्हा लावायचे असतात. हे सगळं जमण्यासारखं आहे.

पण दवाखान्याच्या बाजूने बघितलं की हा गजर लंगडा पडतो. डॉक्टरांना अचानक बाहेरगावी जावं लागलं आणि उद्याचे नंबर परवावर ढकलले, तर फोनमध्ये लावलेला गजर हे जाणत नाही. नेट नसलेल्या फोनवर तो "उद्या ११:२० ला या" असंच वाजेल. बदल कळवायला शेवटी सर्व्हरकडून संदेश जावाच लागतो, आणि तो गेला तर गजराची गरज उरत नाही. नेटशिवाय वाजणं हा त्याचा गुण नेमका बदलाच्या दिवशी धोका बनतो.

आणि ताईंचा प्रश्न तर उभाच आहे. पुश असो की गजर, दोन्ही नंबर लावणाऱ्या फोनला चिकटलेले असतात. पुण्यातल्या मुलाचा फोन वाजेल, देवणीतल्या आईचा वाजणार नाही. तिच्याकडे बटणांचा फोन असला तर तिथे ना अ‍ॅप ना ब्राउझर. नंबर लावताना पेशंटचा मोबाइल नंबर विचारला आणि आठवण त्या नंबरावर एसएमएसने पाठवली, तरच ती योग्य माणसाकडे जाते. मुलालाही हवी असेल तर त्याचा दुसरा नंबर टाकायची जागा द्यायची.

एसएमएसची तयारी मात्र वेळखाऊ आहे. दवाखान्याची नोंदणी एखाद्या दूरसंचार कंपनीच्या डीएलटी पोर्टलवर, म्हणजे व्यावसायिक एसएमएस पाठवणाऱ्यांच्या नोंदणीच्या जागी, करायची, पाठवणाऱ्याचं हेडर मंजूर करून घ्यायचं आणि संदेशाचा साचा शब्दशः मंजूर करून घ्यायचा. बदलणारी जागा ठरावीक खुणेने दाखवतात. मंजूर साच्यात एखादी मोकळी जागा जास्त असली आणि पाठवताना ती नसली, तरी संदेश अडतो. चूक शोधायची तर दोन्ही मजकूर अक्षर-अक्षर जुळवून बघावे लागतात. संदेशात दुवा असेल तर तोही आधी नोंदवलेला लागतो, १ ऑक्टोबर २०२४ पासून न नोंदवलेले दुवे अडवले जातात.

मराठी एसएमएसचं माप इंग्रजीहून वेगळं असतं. देवनागरी आली की एका संदेशात १६० ऐवजी ७० चिन्हं मावतात, आणि त्याहून लांब झाला तर प्रत्येक भागात ६७. शिवाय चिन्हं मोजताना काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं धरलं जातं. "उद्या" डोळ्यांना दोन अक्षरं, मोजणीत पाच. "दवाखान्यात" पाच अक्षरं, मोजणीत दहा. हा मजकूर घेऊ:

```
उद्या सकाळी 11:20 ला दवाखान्यात तुमचा नंबर आहे. येणार नसाल तर कळवा.
```

मोकळ्या जागा धरून ही ६७ चिन्हं होतात, म्हणजे एका संदेशात बसतात. पण यात दवाखान्याचं नाव नाही, आणि नावाशिवाय आलेल्या संदेशावर कुणी विश्वास ठेवणार नाही. नाव आणि दुवा घातला की दोन भाग होतात, दोन संदेशांचे पैसे पडतात. ते द्यायचे असं ठरवलं. मग १३४ चिन्हांची जागा मिळते, तिच्यात नाव, दिवस, वेळ आणि रद्द करायचा दुवा नीट मावतो. इंग्रजी लिपीत मराठी लिहून पैसे वाचवायचे नाहीत. पेशंट वयस्कर आहेत, आणि "udya" वाचायला त्यांना नातवाला हाक मारावी लागू नये.

शनिवार, २२ नोव्हेंबर

आयफोनची एक गोष्ट नोंदवून ठेवतो. सफारीत लावलेला नंबर होम स्क्रीनवरून उघडलेल्या त्याच पानात दिसत नाही, कारण दोघांची साठवण वेगळी असते. आणि होम स्क्रीनवर न जोडलेलं पान सात दिवस वापरात नसलं तर सफारी त्याने साठवलेला डेटा पुसू शकते. म्हणून "माझे नंबर" ही यादी फोनमधल्या साठवणीवर विसंबून दाखवायची नाही. एसएमएसमधल्या दुव्यातच त्या नंबराची अंदाजाने ओळखता न येणारी खूण ठेवायची. दुवा कुठल्याही फोनवर उघडला तरी तो एकच नंबर दिसतो, बदलता येतो, रद्द करता येतो. पासवर्ड नाही, खातं नाही. आई गावाकडे आणि मुलगा पुण्यात, दोघंही तोच दुवा वापरू शकतात.

दुव्याचं पान नुसतं उघडल्याने काही रद्द होता कामा नये. संदेशांची अ‍ॅपं दुव्याचं पूर्वदर्शन काढायला पान स्वतःच उघडून बघतात. रद्द करणं हे बटण दाबूनच, `POST` ने.

बुधवार, २६ नोव्हेंबर

काउंटर. पेशंटच्या अगदी उलट गरज इथे आहे: एकच टॅब्लेट, रोज दिवसभर वापर, आणि लाइट गेली की राउटरही बंद. इथे वेब अ‍ॅप इन्स्टॉल करायचंच. पूर्ण पडद्यावर उघडतं, पत्त्याची पट्टी नाही, चुकून दुसरी साइट उघडण्याचा प्रश्न नाही.

ऑफलाइनचा खरा उपयोगही इथेच आहे, पण फक्त वाचण्यापुरता. आजची यादी दर वेळी आली की `IndexedDB` मध्ये ठेवायची, `navigator.storage.persist()` ने ती टिकवून ठेवण्याची विनंती करायची आणि नेट गेलं की तीच दाखवायची. वर ठळक अक्षरात "१०:४२ पर्यंतची यादी" असं यायलाच हवं. वेळ लिहिली नाही तर ताई जुन्या यादीला ताजी समजून नवा नंबर देतील. नेट नसताना फोनवर आलेले नंबर वहीत लिहायचे आणि नेट आल्यावर टाकायचे. ही वही काढून टाकायची नाही, असं डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं.

नंबराची चिठ्ठी छापायची का, हा प्रश्न निघाला. बाजारातले बरेच स्वस्त थर्मल प्रिंटर जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथवर चालतात आणि वेब ब्लूटूथला फक्त बीएलई, म्हणजे कमी ऊर्जेचं नवं ब्लूटूथ, समजतं. टॅब्लेट त्या प्रिंटरशी जोडलेला दिसेल, पण पानाला तो वेब ब्लूटूथमधून सापडणार नाही. चिठ्ठी अत्यावश्यक असती तर हा मुद्दा अ‍ॅपच्या बाजूने गेला असता. इथे ताई नावाने हाक मारतात, चिठ्ठी लागत नाही.

शनिवार, २९ नोव्हेंबर

निर्णय: वेब अ‍ॅप. पेशंटला दुवा आणि क्यूआर कोड, काउंटरवर तेच इन्स्टॉल केलेलं, आठवण एसएमएसने. वेब पुश पहिल्या टप्प्यात नाही. दोन ठिकाणांहून दोन आठवणी आल्या तर वेळ बदलल्यावर त्या एकमेकींशी जुळवत बसावं लागेल.

प्ले स्टोअरची डॉक्टरांची इच्छा सोडून दिलेली नाही. हेच वेब अ‍ॅप ट्रस्टेड वेब अ‍ॅक्टिव्हिटीत, म्हणजे वेब पान दाखवणाऱ्या अँड्रॉइड अ‍ॅपच्या आवरणात, गुंडाळून स्टोअरवर चढवता येतं:

```
npm i -g @bubblewrap/cli
bubblewrap init --manifest=https://example.in/manifest.json
bubblewrap build
```

आतला कोड वेबचाच राहतो, वेळांची यादी तीच, दुरुस्ती एका जागी. पण खातं वैयक्तिक असेल तर बारा परीक्षकांच्या चाचणीतून, आणि कुठलंही असलं तरी वार्षिक पातळीतून सुटका नाही, म्हणून हे पेशंट दुव्याला सरावल्यावर बघायचं. तेव्हा एक गोष्ट हमखास अडवते. अ‍ॅप उघडल्यावर वर पत्त्याची पट्टी दिसली, तर समजायचं की साइट आणि अ‍ॅप यांचं नातं सिद्ध झालेलं नाही. साइटवर `/.well-known/assetlinks.json` मध्ये अ‍ॅपच्या सहीचा `SHA-256` ठसा द्यावा लागतो. आपल्या संगणकावरच्या किल्लीचा ठसा दिला की घरी तपासताना सगळं ठीक चालतं आणि स्टोअरवरून उतरवलेल्यात पट्टी येते, कारण प्ले अ‍ॅप सायनिंगमध्ये गूगल ते पॅकेज स्वतःच्या ताब्यातल्या किल्लीने पुन्हा सही करतं. प्ले कन्सोलमधल्या सहीच्या पानावरून त्या किल्लीचा ठसा घ्यायचा आणि दोन्ही ठसे फाइलमध्ये ठेवायचे.

हा निर्णय पुन्हा उघडायचा तो दोनच कारणांनी: चिठ्ठी छापणं सक्तीचं झालं, किंवा काउंटरवर फोन वाजताच पेशंटचं नाव पडद्यावर यावं अशी मागणी आली. कोण फोन करतंय हे वेब पानाला कळत नाही, त्यासाठी अ‍ॅपच लागेल, आणि तेही फक्त काउंटरच्या टॅबपुरतं. पेशंटची बाजू तेव्हाही दुव्यावरच राहील.

पुढचं काम डीएलटीच्या नोंदणीपासून सुरू होतं, कारण मंजुरीला लागणारा वेळ आपल्या हातात नाही. साच्यात दुवा जाणार असल्याने डोमेन आधी पक्कं करायचं. ते नंतर बदललं तर दुव्याची नोंदणी आणि साचा नव्याने करावा लागेल, काउंटरवरचा क्यूआर कोड पुन्हा छापावा लागेल, आणि टॅबवर बसवलेलं अ‍ॅप जुन्याच पत्त्याला धरून राहील.